डायपर रॅश: झिंकचा थर कसा लावायचा आणि बुरशी लागली हे कसं ओळखायचं

बाळाच्या डायपरच्या जागी उठणारी लाली बहुतेक वेळा दोनपैकी एका कारणाने असते, आणि त्या दोन कारणांचे उपाय वेगळे आहेत. पहिली लाली ओल, घर्षण आणि शी-शूच्या संपर्काने होते. तिला वेळेवर बदल, हवा आणि क्रीमचा जाड थर एवढं पुरतं. दुसरी कॅन्डिडा नावाच्या यीस्टमुळे, म्हणजे बुरशीमुळे होते. तिच्यावर झिंकचे कितीही थर चढवले तरी ती हटत नाही. अडचण अशी की दुसरी बहुधा पहिलीच्याच पाठीवर बसून येते. सोमवारी साधा असलेला रॅश गुरुवारी साधा राहिलेला नसतो, आणि घरात मात्र तेच क्रीम चालू असतं.

नागपुरात याचे दोन हंगाम ठरलेले. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. घामाने डायपरची कड ओली राहते आणि तिथेच घर्षण होतं. जुलै-ऑगस्टमध्ये उमस वाढते, कूलर नुसती दमट हवा फेकतो, दोरीवरचे लंगोट संध्याकाळपर्यंत सुकत नाहीत. बुरशीला हाच काळ जास्त मानवतो.

त्वचा नेमकी कशाने सोलवटते

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि तोच तिचा पहिला बचाव. शू आणि शी डायपरमध्ये एकत्र राहिली की शूमधल्या युरियापासून अमोनिया तयार होतो आणि त्वचेवरचं आम्ल कमी होतं. शीमध्ये प्रथिनं आणि चरबी फोडणारी पाचक द्रव्यं असतातच. आम्ल कमी झालं की ती जास्त जोमाने काम करतात आणि भिजून मऊ पडलेल्या त्वचेवर चालून जातात. म्हणून नुसत्या शूचा डायपर अर्धा तास जास्त राहिला तर फारसं बिघडत नाही, पण शीचा राहिला तर बिघडतं. जुलाबात रॅश झपाट्याने वाढतो तोही याच कारणाने.

घरातली मोठी माणसं म्हणतात, डायपरची उष्णता बाधली. त्यात थोडं तथ्य आहे, पण दोष डायपरपेक्षा तो किती तास बांधून ठेवला याचा जास्त. चांगला शोषणारा डायपर त्वचा कापडी लंगोटापेक्षा कोरडी ठेवतो. रॅश असताना हट्टाने कापडावर यायचं असेल, तर प्रत्येक शूनंतर लगेच लंगोट बदलायची तयारी हवी. ओला लंगोट आणि वरून प्लास्टिकची चड्डी हा सगळ्यात वाईट जोड.

बदलताना काय करायचं

रॅश दिसल्या दिवसापासून दिवसा दर दोन तासांनी आणि रात्री निदान एकदा डायपर बदला. शी झाली असेल तर लगेच, बाळ झोपलेलं असलं तरी.

आधी हात धुवा. डायपरच्याच स्वच्छ भागाने शी हलकेच उचलून घ्या, मग कोमट पाण्यात भिजवलेला कापूस किंवा जुन्या सुती धोतराचा मऊ तुकडा वापरून पुसा. मुलीला पुढून मागेच पुसायचं. मुलाच्या शिश्नाची कातडी मागे ओढायची नाही. चिकटलेली शी घासू नका. तिथे खोबरेल तेल किंवा लिक्विड पॅराफिनचे थेंब सोडा, मिनिटभर थांबा, ती आपोआप सुटते. त्वचा फारच सोललेली असेल तर पुसण्यापेक्षा टबमध्ये कोमट पाण्यात धरून धुणं किंवा मगाने हळू धार सोडणं बरं. साबण दिवसातून एकदा आंघोळीला, तोही सौम्य आणि बिनवासाचा. सुगंधी किंवा अल्कोहोल असलेले ओले वाइप्स या दिवसांत बाजूला ठेवा, सोललेल्या जागी ते झोंबतात आणि बाळ किंचाळून उठतं.

पुसून झाल्यावर कोरडं करणं हीच खरी पायरी, आणि घाईत तीच राहून जाते. कोरड्या कापडाने टिपून घ्या, रगडू नका. मांडीच्या वळ्या आणि जांघेतली घडी बोटांनी उघडून आतून टिपा. मग रबरी शीटवर सुती दुपटं टाकून बाळाला दहा-पंधरा मिनिटं उघडं लोळू द्या, दिवसातून तीन-चार वेळा तरी. पंख्याची हवा पुरे. कूलरचा झोत थेट ओल्या अंगावर नको, आणि हेअर ड्रायर तर कधीच नको, भाजण्याची भीती असते. नवीन डायपर एरवीपेक्षा किंचित सैल बांधा.

झिंकचा थर

बॅरियर क्रीमचं काम एकच: त्वचा आणि शी-शू यांच्यामध्ये भिंत उभी करणं. ते त्वचेत जिरवायचं नसतं. रोज चोळून चोळून जिरवलं, तरी फरक नाही, ही तक्रार जिथे येते तिथे चूक बहुधा हीच असते.

ट्यूब घेताना झिंक ऑक्साइडचं प्रमाण वाचा. लाली नसताना, रोजच्या बचावाला 10 ते 20 टक्के किंवा साधी पेट्रोलियम जेलीही चालते. लाली उठल्यावर 30 ते 40 टक्क्यांची घट्ट पेस्ट घ्या, ती ओल्या शीपुढे जास्त वेळ तग धरते. यादीत सुगंध, कापूर, मेंथॉल किंवा बोरिक ॲसिड दिसलं तर ती ट्यूब परत ठेवा. कापूर आणि बोरिक ॲसिड सोललेल्या त्वचेतून बाळाच्या अंगात जाऊ शकतात आणि दोन्ही विषारी ठरू शकतात.

थर असा हवा की खालची त्वचा दिसता कामा नये. पोळीवर तूप फिरवतात तसा पातळ नाही, केकवर क्रीम असतं तसा जाड. पूर्ण कोरड्या त्वचेवरच लावा. ओल्या त्वचेवर थर टिकत नाही, आणि ओल मात्र आत कोंडते. गुदद्वाराभोवती, कुल्ल्यांवर आणि जिथे लाली आहे तिथे जाड, बाकी ठिकाणी मध्यम. झिंकच्या पेस्टवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला तर पेस्ट डायपरला कमी चिकटते आणि जास्त टिकते.

पुढच्या बदलाच्या वेळी तो पांढरा थर सगळा काढायचा नाही. वरची मळलेली शी तेवढी टिपून घ्या, खालचा स्वच्छ थर राहू द्या आणि त्याच्यावर नवा चढवा. दर वेळी पांढरं पूर्ण जाईपर्यंत घासलं की सकाळपासून भरत आलेली नवी कातडीही त्याच्याबरोबर जाते. दिवसातून एकदा, आंघोळीआधी, तेल लावून थर मऊ करून काढा आणि त्या वेळी त्वचा नीट बघा.

पावडर नको. टाल्क असो की मक्याच्या पिठाची, ती उडून बाळाच्या श्वासात जाते. क्रीमवर पडली तर घडीत तिचे गोळे होतात आणि तेच काचतात. कॅलामाइनमध्ये झिंक असतं खरं, पण ते सुकून पापुद्र्यासारखं पडतं, त्याची भिंत होत नाही. नुसतं खोबरेल तेल कोरड्या त्वचेला ठीक, जुलाबापुढे मात्र ते टिकत नाही. मोहरीचं तेल सोललेल्या जागी झोंबतं, मालिशवाल्या बाईंना तेवढी जागा सोडायला सांगा. धुरी, हळदीचा लेप, डाळीचं पीठ लावून चोळणं हेही त्या जागेपुरतं थांबवा.

घडी उघडून बघा

साध्या रॅशची जागा डायपरला टेकणाऱ्या उंचवट्यांवर असते: कुल्ले, मांडीचा आतला भाग, बेंबीखालचं पोट, मुलीत योनीमुखाच्या बाहेरच्या कडा, मुलात वृषणाची पिशवी. जांघेतली घडी उघडली तर आतली त्वचा बरीचशी स्वच्छ दिसते, कारण तिथे डायपर घासत नाही आणि शी कमी पोचते. लालीची कड पसरट असते, ती कुठे संपते ते नेमकं सांगता येत नाही.

बुरशीचं उलट. ती ओल आणि ऊब शोधत घडीत शिरते. घडीच्या आत गडद, ओलसर, मांसासारखी लाली दिसते. तिची कड रेघ ओढल्यासारखी स्पष्ट, किंचित उंच आणि बारीक पापुद्रे सुटलेली असते. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे त्या मुख्य लालीपासून सुटे, मोहरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान लाल ठिपके किंवा पिवळसर तोंडाचे फोड, मांडीवर आणि पोटाच्या खालच्या भागावर विखुरलेले. घडीतली लाली आणि हे सुटे ठिपके एकत्र दिसले तर बुरशीचा संशय पक्का धरा.

आपल्याकडच्या सावळ्या बाळांमध्ये लाल रंगावर विसंबू नका. लाली तपकिरी, जांभळट किंवा नुसती आजूबाजूपेक्षा गडद दिसू शकते. अशा वेळी रंगापेक्षा कड, पापुद्रे, चकाकी आणि ठिपके बघायचे. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही. रोज सकाळी त्याच जागी एक फोटो काढून ठेवला तर तुलना सोपी जाते. तो फोटो डॉक्टरला दाखवण्यापुरताच फोनमध्ये राहू द्या, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायला नको.

डायपर उघडला की तोंडही तपासा. गालाच्या आतून किंवा जिभेवर दह्यासारखे पांढरे ठिपके असतील आणि ओल्या कापडाने हलकेच पुसून ते निघत नसतील तर तोंडात बुरशी असू शकते. दुधाचा थर पुसला की जातो. अंगावर पाजणाऱ्या आईचं स्तनाग्र दुखत, खाजत किंवा जळजळत असेल तर तेही डॉक्टरला सांगायचं.

एक उदाहरण, दिवसाच्या हिशेबाने

हे उदाहरण रचलेलं आहे, पण क्रम नेहमीचा आहे. आठ महिन्यांची मुलगी, जुलै महिना. कानाच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक सुरू. चौथ्या दिवशी, सोमवारी, सहा-सात पातळ शी झाल्या आणि संध्याकाळी कुल्ल्यांवर व गुदद्वाराभोवती लाली आली. घड्या स्वच्छ. घरच्यांनी 40 टक्क्यांची झिंक पेस्ट जाड लावायला सुरुवात केली, दोन तासांनी बदल, मधे मधे उघडं ठेवणं. इथपर्यंत सगळं बरोबर.

मंगळवारी लाली तेवढीच, बाळ थोडं शांत. बुधवारी शी दोनवर आली, तरी जांघेतल्या घडीत नवी लाली दिसली. थांबून विचार करायची जागा हीच आहे. कारण कमी होतंय आणि रॅश मात्र वाढतोय. साध्या रॅशमध्ये असं होत नाही, जुलाब थांबले की तो एक-दोन दिवसांत मागे हटतो. गुरुवारी सकाळी घडीच्या कडेला पापुद्रे, आणि मांडीवर दहा-बारा सुटे ठिपके. झिंक नीट लावूनही तिसऱ्या दिवशी ही अवस्था, म्हणजे बालरोगतज्ज्ञाकडे जायची वेळ.

अँटिबायोटिकचा यात हात आहे. यीस्ट आतड्यात थोड्या प्रमाणात असतेच, तिथले जिवाणू तिला दाबून ठेवतात. औषधाने ते मेले की ती वाढते आणि शीबरोबर बाहेर येऊन सोललेल्या त्वचेवर बसते. आईने अँटिबायोटिक घेतलं आणि बाळ अंगावर पीत असेल तरी हे होऊ शकतं. मात्र यासाठी बाळाचं अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने बंद करू नका.

बुरशीचं औषध लावण्याची पद्धत

डॉक्टर सहसा 1 टक्का क्लोट्रिमाझोल, 2 टक्के मिकोनाझोल किंवा निस्टॅटिन देतात, दिवसातून दोन किंवा तीन वेळा, 7 ते 14 दिवस. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली क्रीमची रेघ साधारण अर्धा ग्रॅम होते आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. बाळाच्या दोन जांघा आणि आजूबाजूला बहुधा अर्धी रेघ पुरेशी. जाड थर झिंकचा असतो, औषधाचा पातळ.

गडबड होते ती क्रमात. आदल्या वेळचा झिंकचा थर तसाच आणि त्याच्यावर औषध, असं केलं तर औषध त्वचेपर्यंत पोचतच नाही. म्हणून औषध लावायच्या वेळा ठरवून घ्या, समजा सकाळी आंघोळीनंतर आणि संध्याकाळी सातला. त्या दोन वेळी तेलाने झिंक पूर्ण काढा, तेलही पाण्याने पुसा, घडी कोरडी करा. मग औषध लालीच्या कडेच्या बोटभर पुढेपर्यंत, सुट्या ठिपक्यांसकट लावा. पाच मिनिटं उघडं ठेवा आणि मग वर झिंक. मधल्या बदलांत फक्त झिंकचा थर भरत राहायचा.

दोन-तीन दिवसांत नवे ठिपके यायचे थांबतात, जुने सुकतात, घडीतली ओल कमी होते. साधारण आठवड्यात त्वचा स्वच्छ दिसू लागते, आणि इथेच बहुतेक घरांत ट्यूब कपाटात जाते. डॉक्टरने सांगितलेले दिवस पूर्ण करा, नाहीतर उरलेली बुरशी दहा-बारा दिवसांत पुन्हा डोकं वर काढते. तोंडात पांढरे ठिपके असतील तर तोंडाचं औषधही बरोबरीने लागतं. मात्र तोंडात लावायची जेल स्वतःच्या मनाने आणू नका, अगदी लहान बाळाच्या घशात ती चिकटून श्वास अडकू शकतो.

तीन औषधांची एक ट्यूब

मेडिकल स्टोअरमध्ये ‘रॅशसाठी काहीतरी द्या’ म्हटलं की पुष्कळदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं मिश्रण हातात येतं. नावं वाचा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे, आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय डायपरखाली लावायचं नाही. डायपरने झाकलेल्या पातळ त्वचेतून ते अंगात जास्त जातं. त्वचा पातळ होते, आणि फार दिवस लावलं तर बाळाच्या शरीरातलं स्वतःचं स्टेरॉइड बनणंही मंदावू शकतं.

फसवणूक अशी की पहिल्या दोन दिवसांत लाली झटक्यात उतरते. स्टेरॉइड सूज दाबतं, बुरशीला आतून मोकळं रान मिळतं आणि थांबवल्यावर ती दुप्पट जोराने परतते. शिवाय मधल्या काळात कड आणि ठिपके पुसट झालेले असतात, त्यामुळे डॉक्टरलाही ओळखायला कठीण जातं. असं क्रीम लावून झालं असेल तर ट्यूब सोबत घेऊन जा. सूज फारच असेल तर डॉक्टर सौम्य हायड्रोकॉर्टिसोन थोडे दिवस देतात, तो निर्णय त्यांचा.

लगेच दाखवायचं केव्हा

तिसऱ्या दिवसाची वाट बघू नये अशा काही खुणा आहेत: ताप, पू, मधासारखी पिवळी खपली, पाण्याने भरलेले मोठे फोड, रक्त येणाऱ्या उघड्या जखमा, दूध न पिणं, किंवा बाळ सहा आठवड्यांपेक्षा लहान असणं. फक्त गुदद्वाराभोवती भडक, गोल, कडेने स्पष्ट लाली आणि शी करताना रडणं असेल तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, त्याला बुरशीचं औषध उपयोगी नाही. डायपरच्या जागेबरोबर तोंडाभोवती, हातापायांवरही सोललेले चट्टे, सोबत जुलाब आणि वजन न वाढणं असेल तर अंगातल्या झिंकच्या कमतरतेची तपासणी लागते. तिथे लावायचं झिंक कामाचं नाही. औषध नीट लावूनही चार-पाच दिवसांत फरक नसेल तर पुन्हा दाखवा. नागपुरात मेडिकल कॉलेज, मेयो आणि मिहानचं एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत बालरोग आणि त्वचारोग विभाग आहेत.

लंगोट धुताना

बुरशीच्या काळात कापडी लंगोट आधी खळखळून धुवा, मग गरम पाणी आणि साध्या डिटर्जंटने धुवून दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढा. कापडात राहिलेला साबण हाच अनेकदा पुन्हा उठणाऱ्या लालीचं कारण असतो. शेवटच्या पाण्यात जंतुनाशक किंवा सुगंधी सॉफ्टनर टाकू नका. उन्हाळ्यात गच्चीवरचं ऊन पुरेसं आहे, पावसाळ्यात मात्र प्रत्येक लंगोट कोरडा होईपर्यंत दोन्ही बाजूंनी इस्त्री करा, शिवणीसकट, कारण दमट राहते ती शिवणच. बरं झाल्यावर त्या जागी काही आठवडे फिकट किंवा गडद डाग राहतात. त्यांना कोणतंही क्रीम लावायची गरज नाही, ते हळूहळू आपोआप जातात.